भेटीची वेळ मागणारा मेल: एका ओळीत उत्तर यावे असा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसात दरवर्षी दोन-तीन नवी मुले येतात. कुणी खानापूरहून रोज ये-जा करणारे, कुणी निपाणीकडचे, अनगोळात खोली घेऊन राहणारे. डिप्लोमा झालेला असतो, ड्रॉइंग वाचता येते, व्हर्नियर हाताला सरावलेला असतो. ही मुले अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. बाहेरच्या माणसाला भेटीची वेळ मागणारा मेल लिहा म्हटले की तासभर स्क्रीनकडे बघत बसतात, आणि शेवटी जे लिहितात त्याला उत्तर येत नाही.

असा मेल कसा लिहायचा ते मी इथे एकाच प्रकरणावरून सांगतो. गेल्या फेब्रुवारीत आमच्या क्वालिटी विभागात नव्या लागलेल्या मुलीने तो लिहिला, आम्ही दोघांनी तो तीनदा फिरवला, आणि तिसऱ्या खेपेला त्याला चार तासांत उत्तर आले.

आमच्याकडे बिडाचे ओतकाम होते. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्याला आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी पुरवतो. मशिनिंग तिकडे होते. एका लॉटमधले २४० नग मशिनिंग होऊन प्रेशर टेस्टला गेले आणि त्यातल्या ३१ नगांतून तेल पाझरले. त्यांची रिजेक्शन नोट आली. पुढचा २०० नगांचा लॉट आमच्याकडे साच्यातून निघून फेटलिंगला, म्हणजे जादा धातू काढून साफ करायला, पडला होता. तो पाठवायचा की अडवायचा, हे त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांशी बोलल्याशिवाय ठरणार नव्हते. म्हणजे भेट हवी होती, आणि लवकर हवी होती.

तिने पहिला मेल लिहिला तो असा.

> विषय: मीटिंगबाबत
>
> आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.
> आपल्या व आमच्या कंपनीचे अनेक वर्षांपासून चांगले संबंध आहेत. अलीकडील रिजेक्शनसंदर्भात तसेच इतर काही विषयांवर आपल्याशी सविस्तर चर्चा करावयाची आहे. तरी आपल्या सोयीने वेळ मिळेल तेव्हा कळवावे, ही नम्र विनंती. आमचे साहेब कधीही येण्यास तयार आहेत.
> कळावे, आपली विश्वासू.

शाळेत पत्रलेखनाचे पाच गुण मिळवून देणारे हे पत्र आहे. त्यात एकही चूक नाही. तरीही ते निरुपयोगी आहे, आणि ते का, हे कळण्यासाठी समोरच्या माणसाच्या जागी उभे राहावे लागते, तेही शब्दशः. ते साहेब टेबलाशी बसून मेल वाचत नाहीत. टेस्ट बेंचजवळ उभे असतात, एका हातात फोन, हाताला तेल. त्यांना या मेलचे उत्तर द्यायचे तर आधी डायरी उघडायची, कुठला दिवस मोकळा आहे ते बघायचे, किती वेळ लागेल याचा अंदाज करायचा, ‘इतर काही विषय’ म्हणजे काय ते विचारायचे, कोणाला बरोबर घ्यायचे ते ठरवायचे. एवढे कोण करतो? ‘संध्याकाळी बघू’ म्हणून ते फोन खिशात टाकतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर आणखी चाळीस मेल येऊन पडतात.

म्हणून आमच्याकडे मी एकच कसोटी लावतो. उभ्या उभ्या, अंगठ्याने, एका ओळीत उत्तर देता येईल का? येत नसेल तर मेल अजून पुरा झालेला नाही.

आधी कागदावर: भेटीतून काय घेऊन उठायचे?

मेल उघडण्याआधी मी तिला एक वाक्य पुरे करायला सांगितले: ‘भेट संपवून आम्ही गाडीत बसू तेव्हा आमच्या हातात … असेल.’ तिने आधी लिहिले ‘रिजेक्शनवर चर्चा’. चर्चा हातात धरून कोणी गाडीत बसत नाही. दुसऱ्यांदा लिहिले, ‘गळतीचे कारण’. हे बरे, पण कारण कळून पुढे काय? तिसऱ्यांदा आले ते असे: ‘पुढचा २०० नगांचा लॉट थांबवायचा, की प्रत्येक नग आमच्याकडे टेस्ट करून पाठवायचा, याचा निर्णय.’ हा झाला उद्देश. मेलच्या पहिल्या वाक्यात हाच जायला हवा, आणि संबंधांच्या जुनेपणाचे वाक्य पूर्ण कापायचे. जुने संबंध त्यांना ठाऊक आहेत.

उद्देश असा नेमका झाला की एक गोष्ट आपोआप घडते. या भेटीत काय नको, तेही दिसायला लागते. आमच्या साहेबांना त्याच भेटीत डेबिट नोटचा विषयही काढायचा होता. ३१ नगांचे मशिनिंगचे पैसे त्यांनी आमच्या बिलातून वळते करून घेतले होते. पण पैशाचा विषय क्वालिटीच्या माणसाच्या हातात नसतो, तो परचेस आणि अकाउंट्सकडे असतो. तो विषय घेतला असता तर त्यांनी परचेसवाल्यालाही बोलावले असते, त्याची वेळ वेगळी, आणि भेट आठवडाभर पुढे गेली असती. शिवाय पैशावरून तापलेला माणूस गळतीचे कारण मोकळेपणाने बघत नाही. म्हणून आम्ही मेलमध्ये उघड लिहिले की डेबिट नोटचा विषय या भेटीत नाही. त्या एका वाक्याने समोरच्याचा निम्मा ताण गेला असावा, असे मला वाटते. पहिल्या मेलमधल्या ‘इतर काही विषयां’ना ते नक्कीच पैशाचे समजले असते.

विषयपत्रिका: तीनच कलमे, प्रत्येकापुढे मिनिटे

विषयपत्रिका म्हटले की नवी मुले ‘१. प्रस्तावना, २. चर्चा, ३. समारोप’ असे लिहितात. ती कुठल्याही भेटीला चालते, याचाच अर्थ या भेटीला चालत नाही. कलम असे हवे की ते वाचून समोरच्याला कळावे, आपण काय आणायचे आणि कोणाला बोलवायचे.

आमच्या प्रकरणात खरा प्रश्न होता गळतीच्या कारणाचा. बिडाच्या नगातून तेल पाझरते त्याची दोन नेहमीची कारणे. एक, कोअरमधला, म्हणजे नगाची आतली जागा मोकळी राखायला साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यातला, वायू बाहेर न पडल्याने धातूत राहिलेली पोकळी. दुसरे, जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तिथे धातू आकसताना पडलेली पोकळी. नग कापून बघितला तर फरक डोळ्यांना दिसतो. वायूची पोकळी गोलसर, आतून गुळगुळीत आणि चकचकीत असते. आकसण्याची पोकळी वेडीवाकडी आणि आतून खरखरीत असते. पहिले असेल तर दोष कोअरच्या भाजणीत किंवा हवा निघण्याच्या वाटेत, म्हणजे पुढच्या लॉटमधल्या काही कोअरपुरता असू शकतो. दुसरे असेल तर रायझरचा, म्हणजे आकसणाऱ्या नगाला वितळलेला धातू पुरवणाऱ्या साठ्याचा, आणि साच्याच्या रचनेचा, मग पुढच्या लॉटमध्येही तो बहुधा असणारच.

आता बघा, हे कळले की विषयपत्रिका स्वतःच उभी राहते. आधी गळती नेमकी कुठून ते बघायचे. मग कापलेल्या नगावरून कारण ठरवायचे. मग २०० नगांचा निर्णय. क्रम उलटा करता येत नाही. आणि हेही ठरते की गळलेले नग समोर हवेत, म्हणून भेट त्यांच्या कारखान्यातच व्हायला हवी. तिला वाटत होते, एक पर्याय व्हिडिओ कॉलचा द्यावा, प्रवास वाचेल. एरवी मीही तेच सांगितले असते. पण फोनच्या कॅमेऱ्यातून पोकळी चकचकीत आहे की खरखरीत, हे सांगता येत नाही. मी स्वतः एकदा तसे ठरवायला गेलो होतो आणि चुकीच्या कारणामागे पंधरा दिवस घालवले.

समोरच्याकडून काही तयारी हवी असेल तर ती मेलमध्येच सांगायची, पण थोडकी. ‘गळलेले पाच नग खडूने खूण करून बाजूला ठेवावेत, त्यातले दोन कापून मिळाले तर उत्तम’, एवढेच. ३१ नगांचा तपशीलवार अहवाल मागितला असता तर अहवाल तयार होईपर्यंत उत्तर आले नसते.

किती वेळ: कलमांची बेरीज करा

‘थोडा वेळ’, ‘पाच मिनिटे’, ‘जास्त वेळ घेणार नाही’, हे तिन्ही आपण सर्रास लिहितो आणि वाचणाऱ्याला तिन्हींचा अर्थ एकच लागतो: दुपार गेली. वेळ आकड्यात लिहायची, आणि आकडा हवेतून काढायचा नाही. कलमांपुढे मिनिटे मांडून त्यांची बेरीज करायची. पाच नग बघायला १०, कापलेले दोन नग आणि कारण २०, निर्णय १५. झाली ४५ मिनिटे. बेरीज तासावर गेली तर एक कलम या भेटीचे नाही, असे मी धरतो. ते फोनवर किंवा मेलवर आधी उरकता येते का ते बघतो.

सव्वा तासाचे काम असताना ‘अर्धा तास’ लिहून आत शिरायचे, ही युक्ती एकदा चालते. दुसऱ्या वेळी तुम्हाला अर्धा तासही मिळत नाही.

वेळेचे पर्याय: इथेच बहुतेक मेल फसतात

‘आपल्या सोयीने’ हे शब्द मी खोडले तेव्हा ती मुलगी अडखळली. म्हणाली, “सर, एवढ्या मोठ्या माणसाला आपण वेळ सांगायची? उद्धटपणा वाटेल की.”

तिचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे घरात कोणाकडे जायचे तरी ‘तुम्हाला कधी बरे पडेल?’ असेच विचारतात, आणि ते तिथे शोभतेही. पण कामाच्या मेलमध्ये या नम्रतेचा भार उचलावा लागतो समोरच्याला. वेळ शोधण्याचे काम आपण त्याच्या अंगावर टाकतो. आपण दोन-तीन वेळा शोधून, आपल्या बाजूने मोकळ्या करून पुढे ठेवल्या तर त्याला फक्त निवडायचे राहते. हुकूम केल्यासारखे वाटू नये म्हणून शेवटी एक दार उघडे ठेवायचे: यातली एकही जमत नसेल तर आपण सांगाल ती. मान राखायचा तो या वाक्यात राखता येतो.

पर्याय किती? एकच दिला तर उत्तर हो किंवा नाही, आणि नाही आले की पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा दिले तर समोरच्याला पुन्हा डायरी चाळावी लागते, आणि तुम्हाला तेवढे सगळे तास मोकळे धरून ठेवावे लागतात. दोन कमीत कमी, तीन पुरेत. मात्र ते एकमेकांपासून खरोखर वेगळे हवेत. तिने आधी दिले होते मंगळवार सकाळी १०, मंगळवार सकाळी ११, मंगळवार दुपारी १२. हा एकच पर्याय तीन ठिकाणी लिहिलेला आहे, कारण साहेब मंगळवारी बाहेर असतील तर तिन्ही जातात. दिवस वेगळे घ्या, आणि एक सकाळचा असेल तर दुसरा दुपारचा घ्या.

मग प्रत्येक पर्याय तपासायचा. दोन्ही बाजूंनी तपासायचा, आणि आपल्या भागात ‘दोन्ही बाजू’ म्हणजे राज्यांच्या सीमेच्याही दोन्ही बाजू. तिच्या दुसऱ्या खर्ड्यात तिसरा पर्याय होता गुरुवार, १९ फेब्रुवारी. इकडच्या कॅलेंडरवर तो साधा कामाचा दिवस. पण महाराष्ट्रात १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सरकारी सुट्टी असते. बेळगावात मोठी शिवजयंती तिथीने, वैशाख शुद्ध द्वितीयेला होते, चित्ररथ निघतात तेव्हा, म्हणून आपल्याकडच्या मुलांच्या डोक्यात फेब्रुवारी येतच नाही. उलटही घडते. कोल्हापूर-पुण्याकडचे लोक १ नोव्हेंबरची वेळ देतात, आणि त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते. आपल्याकडे त्या दिवशी आणखी काय असते ते इथल्या वाचकाला सांगायला नको. म्हणून सीमेपलीकडे मेल जाणार असेल तर दोन्ही राज्यांच्या सुट्ट्यांची यादी बघितल्याशिवाय तारीख लिहायची नाही. कारखाने सरकारी सुट्टीला चालूही असतात, हे खरे, पण तो अंदाज तुम्ही बांधण्यापेक्षा शेजारचा दिवस द्यावा.

कारखान्याच्या घड्याळाचाही विचार करायचा. सकाळी पहिला तास उत्पादनाच्या गडबडीचा, जेवणाची वेळ सोडायची, आणि शिफ्ट बदलते त्याच्या आसपास क्वालिटीचा माणूस जागेवर मिळत नाही. त्यांच्याकडे शिफ्ट साडेतीनला बदलते हे आमच्या ड्रायव्हरला माहीत होते. असल्या गोष्टी ड्रायव्हरलाच माहीत असतात, त्याला विचारा.

आपल्या बाजूचे गणित प्रवासाचे. उद्यमबाग ते गोकुळ शिरगाव साधारण शंभर किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर दोन तास, पण तवंदी घाटात एखादा ट्रक बंद पडला की अंदाज कोसळतो. मी तीन तास धरतो. म्हणजे अकराच्या भेटीला आठला निघायचे, पावणेबाराला सुटलो तरी बेळगावला यायला दोन-अडीच वाजतात. ४५ मिनिटांच्या भेटीसाठी डायरीतले सहा-साडेसहा तास अडतात, आणि असे तीन पर्याय दिले की तीन अर्धे दिवस. हे आधी आपल्या साहेबांच्या डायरीत लिहून टाकायचे. पेन्सिलीने का असेना, पण लिहायचे. मी नवीन असताना एकाच बुधवारची सकाळ दोन गिऱ्हाइकांना देऊन बसलो होतो. दोघांचेही ‘चालेल’ एकाच दिवशी आले. त्यातल्या एकाला फोन करून नाही म्हणताना जे ऐकावे लागले ते अजून आठवते.

तारीख लिहिताना वार, तारीख, महिना, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, एवढे सगळे हवे. ‘उद्या’ नको, कारण मेल उद्या वाचला जाऊ शकतो. ‘पुढच्या शुक्रवारी’ नको, कारण बुधवारी हे वाक्य वाचणाऱ्या दहातले पाच जण परवाचा शुक्रवार धरतात आणि पाच जण त्यानंतरचा. ३/४ असे आकडेही नकोत, परदेशी गिऱ्हाइकाला तर मुळीच नकोत. वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचा आणखी एक फायदा म्हणजे चूक लगेच उघडी पडते. तुम्ही ‘मंगळवार, १८’ लिहिले आणि १८ ला बुधवार असला तर समोरचा विचारतो. फक्त ‘१८’ लिहिले असते तर तुम्ही मंगळवारी जाऊन गेटवर उभे राहिला असता.

परदेशी गिऱ्हाइकाचा विषय निघालाच आहे तर एवढेच सांगतो. जर्मनीला मेल असेल तर भारतीय वेळ आणि त्यांची वेळ शेजारी-शेजारी लिहा. हिवाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो, म्हणून आपले दुपारचे अडीच म्हणजे तिकडचे सकाळचे दहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि फरक साडेतीन तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तो तसाच राहतो. मार्चच्या मध्यात लिहिलेल्या मेलमध्ये एप्रिलची वेळ द्यायची असेल तर एप्रिलचा फरक धरायचा.

तयार झालेला मेल

गुरुवारी, १२ फेब्रुवारीला, सकाळी दहाला गेला तो मेल असा.

> विषय: व्हॉल्व्ह बॉडी गळती, पुढच्या २०० नगांचा निर्णय: ४५ मिनिटांच्या भेटीसाठी वेळ (१७, १८ किंवा २० फेब्रुवारी)
>
> नमस्कार सर,
>
> मागच्या लॉटमधल्या २४० पैकी ३१ बॉडी प्रेशर टेस्टमध्ये गळल्या. आमच्याकडे तयार होत असलेला पुढचा २०० नगांचा लॉट थांबवायचा की प्रत्येक नग टेस्ट करून पाठवायचा, हे ठरवण्यासाठी आपल्या कारखान्यात ४५ मिनिटांची भेट हवी आहे. आमच्याकडून फौंड्री मॅनेजर आणि मी असे दोघे येऊ.
>
> भेटीत घ्यायचे विषय:
> १. गळलेले पाच नग पाहणे, गळतीची जागा – १० मिनिटे
> २. कापलेल्या दोन नगांवरून कारण ठरवणे – २० मिनिटे
> ३. पुढच्या २०० नगांचा निर्णय – १५ मिनिटे
> डेबिट नोटचा विषय या भेटीत नाही. तो परचेस विभागाशी वेगळा बोलू.
>
> आमच्या बाजूने या तीन वेळा मोकळ्या ठेवल्या आहेत:
> अ) मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ११:०० ते ११:४५
> ब) बुधवार, १८ फेब्रुवारी, दुपारी २:०० ते २:४५
> क) शुक्रवार, २० फेब्रुवारी, दुपारी ४:३० ते ५:१५
>
> यातली जी सोयीची असेल तिचे फक्त अक्षर कळवले तरी चालेल. सोमवार, १६ फेब्रुवारी, दुपारी १२ पर्यंत या तिन्ही वेळा आपल्यासाठी राखून ठेवतो. एकही जमत नसेल तर २३ ते २७ फेब्रुवारी या आठवड्यातल्या आपल्या सोयीच्या दोन वेळा कळवाव्यात.
>
> शक्य झाल्यास गळलेले पाच नग खडूने खूण करून ठेवावेत व त्यातले दोन कापून ठेवावेत. आपली रिजेक्शन नोट आणि आमचा ओतकामाचा रेकॉर्ड सोबत जोडला आहे.
>
> (नाव), क्वालिटी विभाग, मोबाइल क्रमांक

विषयाची ओळ लांब वाटेल. फोनवर तिचा पुढचा भागच दिसतो, म्हणून ‘व्हॉल्व्ह बॉडी गळती’ हे शब्द आधी. ‘मीटिंगबाबत’ या विषयाचे मेल त्यांच्याकडे ढीगभर असतील. आणि साहेबांनी तो मेल तसाच आपल्या इन्स्पेक्टरला फॉरवर्ड केला, तरी त्याला पहिल्यापासून काही सांगावे लागू नये, असा तो आहे. त्यांनी तसा केलाही.

‘सोमवार दुपारी १२ पर्यंत’ ही ओळ काही जण दटावणी समजतात. ती आपल्या डायरीसाठी आहे. मुदत नसेल तर मंगळवारचा अर्धा दिवस तुम्ही मंगळवार उजाडेपर्यंत अडवून बसता.

हा मेल मराठीत गेला, कारण समोरचा माणूस मराठी वाचणारा होता आणि आमचा आधीचा व्यवहारही मराठीत होता. बेंगळुरूला इंग्रजीत जातो. आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या सरकारी कार्यालयात भेट हवी असेल तर मी कन्नडमध्ये लिहून घेतो. ऑफिसातली शेजारची बाई ते पाच मिनिटांत करून देते. भाषेच्या प्रश्नावर माझी मते आहेत, पण ती भेटीची वेळ मागणाऱ्या मेलमध्ये कामाला येत नाहीत. हाडे तीच ठेवायची: उद्देश, कलमे, मिनिटे, वेळा. फक्त अधिकाऱ्याला नेमकी ४५ मिनिटे लिहू नका. त्यांच्या लोकांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळा असतात, त्यातलेच दोन दिवस सुचवा आणि वेळ त्यांच्या पी.ए.वर सोडा.

उत्तर आल्यावर

दुपारी दोनच्या सुमारास उत्तर आले: ‘ब. पण ३० मिनिटेच.’

ती खूश झाली आणि ‘थँक यू सर’ लिहायला लागली. मी थांबवले. आता ४५ मिनिटांच्या भेटीतली १५ मिनिटे कुठून काढायची, हे आपण ठरवायचे असते. नाहीतर ती शेवटच्या कलमातून, म्हणजे निर्णयातूनच जातात. आम्ही पहिले कलम काढले. त्यांच्या इन्स्पेक्टरला गळतीच्या जागांचे फोटो आधी पाठवायला सांगितले आणि कारणासाठी १५, निर्णयासाठी १५ अशी मांडणी केली. त्याच मेलच्या उत्तरात, नवा मेल न करता, ती लिहिली:

> नक्की, सर. बुधवार, १८ फेब्रुवारी, दुपारी २:०० ते २:३०, आपल्या कारखान्यात. वेळ कमी असल्याने पहिला विषय फोटोंवरून आधी उरकतो. गळतीच्या जागांचे फोटो सोमवारपर्यंत मिळाले तर बरे होईल. भेटीत फक्त कारण (१५ मिनिटे) आणि २०० नगांचा निर्णय (१५ मिनिटे) घेऊ.

मग तिने कॅलेंडरचे इन्व्हाइट पाठवले, पर्याय ठरल्यानंतर. तिन्ही वेळांची इन्व्हाइट आधीच टाकणारेही असतात, आणि समोरच्याचे कॅलेंडर भरून टाकतात. तसे करू नका. आणि लगेच मंगळवार आणि शुक्रवार आमच्या साहेबांच्या डायरीतून खोडले. शुक्रवारची दुपार तासाभरात दुसऱ्या कामाला गेलीसुद्धा.

उत्तर आलेच नसते तर? सोमवारी दुपारपर्यंत थांबलो असतो, मग त्याच मेलवर दोन ओळी: ‘मंगळवारची वेळ आता सोडत आहे. ब आणि क अजून राखून आहेत.’ आधीचे सगळे पुन्हा लिहायचे नाही, ते खाली असतेच. त्यालाही उत्तर नसेल तर फोन. फोन करताना पुन्हा ‘कधी वेळ मिळेल?’ असे विचारायचे नाही. ‘सर, बुधवारी दोन की शुक्रवारी साडेचार?’ असे विचारायचे. आणि उत्तर नुसते ‘ओके’ आले, जे फार वेळा येते, तर ते कशाला ओके याचा अंदाज बांधायचा नाही. ‘ब, बुधवार दुपारी २:०० धरतो, वेगळे असल्यास कळवावे’ असे उलट लिहायचे.

मंगळवारी संध्याकाळी तिने शेवटचा मेल केला. तो एकाच ओळीचा होता, साहेबांना आणि त्यांच्या सिक्युरिटीला: दोघांची नावे, येण्याची वेळ, आणि के.ए. २२ ने सुरू होणारा आमच्या गाडीचा नंबर. मागच्या वेळी हे राहिले होते, आणि गेटवरच्या पाटीवर नाव नाही म्हणून आमची गाडी पंचवीस मिनिटे उन्हात उभी होती. अर्ध्या तासाच्या भेटीला ती परवडणार नव्हती.